रोटेटर कफ शिवल्यानंतरचे सहा महिने: हात कधी हलवायचा आणि कुणी

रोटेटर कफ म्हणजे खांद्याचा बॉल खोबणीत धरून ठेवणारे चार स्नायू आणि त्यांना हाडाला जोडणारे दोर, म्हणजे टेंडन. त्याचं ऑपरेशन झालेला पेशंट आम्हा फिजिओथेरपिस्टांकडे पहिल्यांदा येतो, तेव्हा खांद्याला हात लावण्याआधी आम्ही ऑपरेशन नोट वाचतो. फाइलवर नुसतं ‘रोटेटर कफ रिपेअर’ लिहिलेलं असेल तर सर्जनला फोन लावतो, कारण तेवढ्यावरून व्यायाम ठरवता येत नाही. कोणता टेंडन फाटला होता, फाट किती मोठी होती, टेंडन सहज जागेवर आला की खेचून आणावा लागला, त्याचा दर्जा कसा होता, बायसेप्सवर काही काम केलं का, कफचा पुढचा स्नायू सबस्कॅप्युलॅरिस शिवला का, एवढं तरी कळावं लागतं. खेचून बसवलेला टेंडन आणि आपसूक जागेवर आलेला टेंडन यांना एकच वेळापत्रक लावणं म्हणजे पहिल्या दिवसापासून चूक करणं.

इथे ज्या खांद्याबद्दल लिहितो आहे तो ५७ वर्षांच्या एका शिक्षिकेचा आहे. उजवा, म्हणजे फळ्यावर लिहायचा हात. कफचा वरचा स्नायू सुप्रास्पिनॅटस, त्याचा टेंडन पूर्ण जाडीचा फाटलेला, पुढून मागे साधारण अडीच सेंटीमीटर. दुर्बिणीतून हाडात दोन ओळींत अँकर, म्हणजे धागे धरून ठेवणाऱ्या खुंट्या, बसवून टेंडन हाडाला बांधला होता. तो ताण न देता जागेवर आला, दर्जा चांगला होता, बायसेप्स आणि सबस्कॅप्युलॅरिस शाबूत होते. मधुमेह नाही, तंबाखू नाही. थोडक्यात, सरळ केस. घोळ नेमका कुठे होतो ते अशा केसमध्येच स्वच्छ दिसतं, कारण दोष द्यायला दुसरं काही नसतं.

पहिले दोन आठवडे आम्ही खांदा हलवला नाही. अमेरिकेतल्या खांदा-कोपर थेरपिस्टांच्या संघटनेने २०१६ साली दुर्बिणीतून शिवलेल्या कफसाठी एकमताने जी चौकट मांडली, तिचा गाभाही हाच आहे: दोन आठवडे कडक विश्रांती, सहाव्या आठवड्यापर्यंत टप्प्याटप्प्याने पॅसिव्ह, म्हणजे स्वतःचा स्नायू न वापरता केलेली हालचाल, मग ॲक्टिव्ह, म्हणजे स्वतःच्या स्नायूने केलेली, आणि बाराव्या आठवड्यापासून ताकदीचे व्यायाम. स्लिंगला बगलेत उशी होती. ती उशी हात अंगापासून जरा दूर ठेवते. हात अंगाला चिकटला की सुप्रास्पिनॅटस हाडावरून ताणला जातो; हात थोडा बाजूला राहिला की तो ताण उतरतो. उशी काढून नुसत्या झोळीत हात अडकवणारे बरेच असतात, कारण उशी अडचणीची वाटते. बाईंनीही दुसऱ्याच दिवशी विचारलं होतं, “डॉक्टर, झोपताना तरी काढू का?” उत्तर नाही. रात्री तर नाहीच, कारण झोपेत हात कुठे जातो यावर आपला ताबा नसतो. पाठीला उशा लावून अर्धवट बसून झोपायचं आणि कोपराखाली घडी केलेली चादर ठेवायची. आडवं पडल्यावर कोपर अंगाच्या रेषेमागे घसरलं की खांदा पुढच्या बाजूने ताणला जातो आणि रात्री दोन वाजता माणूस कळवळून उठतो. ही चादर अनेकदा वेदनाशामक गोळीपेक्षा जास्त काम करते. या काळात बोटं, मनगट आणि कोपर मात्र दिवसातून चार-पाच वेळा हलवायचे, म्हणजे हाताला सूज धरत नाही आणि कोपर आखडत नाही.

आत काय चाललेलं असतं ते इथे सांगायला हवं, कारण पुढचं सगळं वेळापत्रक त्यावरच उभं आहे. पहिला आठवडाभर दाह असतो: रक्त, सूज, मोडतोड साफ करणाऱ्या पेशी. त्यानंतर पाचव्या-सहाव्या आठवड्यापर्यंत नवं तंतुजाल विणलं जातं, पण ते बहुतांशी तिसऱ्या प्रकारच्या कोलॅजेनचं असतं. बारीक, विस्कळीत आणि कमजोर. पुढचे कित्येक महिने त्याची जागा हळूहळू पहिल्या प्रकारचं जाड कोलॅजेन घेतं आणि तंतू ताणाच्या दिशेने रांगेत लागतात. निरोगी खांद्यात टेंडन आणि हाड यांच्यामध्ये कूर्चेचे दोन थर असतात, एक मऊ आणि एक चुना साठलेला, त्यामुळे मऊ टेंडनवरचा ताण कडक हाडात अलगद उतरतो. ऑपरेशननंतर ती रचना जशीच्या तशी परत येत नाही. तिथे व्रणासारखी जोडणी होते. १९९९ साली मेंढ्यांवर झालेल्या एका गाजलेल्या प्रयोगात शिवलेल्या टेंडनची ताकद सहा आठवड्यांनी निरोगी बाजूच्या सुमारे ३० टक्के, तीन महिन्यांनी ५२ टक्के आणि सहा महिन्यांनी ८१ टक्के भरली होती. मेंढीचा खांदा माणसाचा नव्हे, पण आकडे कोणत्या बाजूला झुकतात ते पुरेसं बोलकं आहे. सहाव्या आठवड्याला स्लिंग निघते तेव्हा जोडणी अजून मुख्यतः अँकर आणि धाग्यांवर उभी असते.

म्हणून प्रश्न ‘हात किती वर नेला’ एवढाच नसतो. हात वर नेला कुणी, हा खरा प्रश्न. पेशंटच्या स्वतःच्या स्नायूने नेला तर तो स्नायू आपल्या टेंडनला म्हणजेच टाक्यांना ओढतो. दुसऱ्या कुणी नेला आणि स्नायू झोपलेला राहिला तर सांधा फिरतो, सांध्याभोवतीची पिशवी, म्हणजे कॅप्सूल, आखडत नाही आणि टाक्यांवर फारसा भार येत नाही. पॅसिव्ह म्हणजे एवढंच. पण कागदावर पॅसिव्ह लिहिलेला व्यायाम पेशंट खरोखर पॅसिव्ह करतो का, हे पाहणं हे पहिल्या सहा आठवड्यांतलं आमचं अर्धं काम.

लोलकाचा व्यायाम घ्या. टेबलाला डावा हात टेकून, कमरेत वाकून, उजवा हात लोंबता सोडायचा आणि धड हलवून त्याला झुलवायचं. बाईंना तिसऱ्या आठवड्यात तो दाखवला तेव्हा पहिल्याच प्रयत्नात त्यांचा हात मोठाली वर्तुळं काढत होता आणि धड मात्र जागचं हलत नव्हतं. म्हणजे हात खांद्याचे स्नायू फिरवत होते. स्नायूंची विद्युत-नोंद घेऊन केलेल्या तपासणीत असं दिसलं आहे की सुमारे २० सेंटीमीटरच्या लहान वर्तुळात कफ बऱ्यापैकी शांत राहतो, पण ५० सेंटीमीटरच्या वर्तुळात सुप्रास्पिनॅटस जागा होतो. आम्ही जमिनीवर खडूने लहान वर्तुळ आखून दिलं आणि एक बोट खांद्याच्या पात्याच्या वरच्या खोबणीत, सुप्रास्पिनॅटसच्या मांसल भागावर ठेवलं. बोटाखाली स्नायू मऊ राहिला तर व्यायाम पॅसिव्ह. दगडासारखा झाला की थांबायचं. दोन-तीन दिवसांत त्यांना तो फरक स्वतःलाच जाणवायला लागला. ज्यांना तो जमतच नाही त्यांना आम्ही लोलक देत नाही. सरळ टेबलावर हात सरकवायला सांगतो. खुर्चीत बसायचं, पूर्ण हात कोपरापासून तळव्यापर्यंत टेबलावर टेकवायचा आणि फक्त कमरेतून पुढे वाकायचं. हात जागीच राहतो, अंग पुढे जातं, सांधा आपोआप उघडतो. यात फसवणूक करणं जवळजवळ अशक्य आहे, म्हणून हा मला लोलकापेक्षा जास्त आवडतो.

दोन ते सहा आठवड्यांत आमच्या टेबलावर दोनच हालचाली होत्या. उताणं झोपवून हात वर नेणं, तेही सरळ पुढे नाही आणि सरळ बाजूलाही नाही, तर पातं ज्या तिरक्या दिशेला असतं त्याच दिशेत, म्हणजे पुढच्या बाजूला साधारण ३० अंश. आणि कोपराखाली टॉवेल ठेवून, कोपर काटकोनात वाकवून, हात बाहेरच्या बाजूला वळवणं. पहिल्यांदा वर ९० अंशांपर्यंत आणि बाहेर २० पर्यंत, मग दर आठवड्याला थोडं थोडं पुढे. प्रत्येक वेळी सात-आठ सावकाश फेऱ्या, शेवटी काही सेकंद थांबायचं, झटका नाही. हात पाठीमागे वर नेण्याची हालचाल पूर्ण बंद, अगदी दुसऱ्याने करून दिली तरी. त्या अवस्थेत हात अंगाला चिकटतो, मागे जातो आणि आतही वळतो. टाक्यांना ताणणाऱ्या तिन्ही गोष्टी एकदम होतात. कपडे घालताना हे नकळत घडतं, म्हणून शर्ट घालताना आधी ऑपरेशनचा हात बाहीत आणि काढताना तो शेवटी, हे पहिल्याच दिवशी शिकवावं लागतं.

सहाव्या आठवड्याच्या शेवटी मोजमाप घेतलं. दुसऱ्याने वर नेल्यावर १२० अंश, बाहेर ३०. बाईंना वाटलं कमी आहे. त्यांच्या ओळखीतल्या एकांचा हात या वेळेला १५० पर्यंत जात होता म्हणे. मी त्यांना सांगितलं की या टप्प्यावर किंचित आखडलेला खांदा मला सैल खांद्यापेक्षा जास्त भरवशाचा वाटतो. सहा ते आठ आठवड्यांना पॅसिव्ह १०० अंशांच्या आत आणि बाहेर ३० च्या आत अडकलेल्या खांद्यांना आखडलेले म्हणतात. अशा खांद्यांचा मागोवा घेतलेल्या एका अभ्यासात वर्षअखेरीला त्यांची हालचाल इतरांइतकीच भरली होती आणि टेंडन जुळून आल्याचं प्रमाण उलट जास्त दिसलं होतं. आखडलेला खांदा नंतर मोकळा करता येतो. फाटलेला टेंडन व्यायामाने जुळत नाही. मधुमेह, थायरॉइडचा त्रास किंवा आधी गोठलेला खांदा असेल तर मात्र आखडण्याकडे आम्ही इतकं निवांतपणे पाहत नाही, आणि पॅसिव्ह काम लवकर सुरू करण्याबद्दल सर्जनशी आधीच बोलून ठेवतो.

स्लिंग निघाली की ॲक्टिव्ह असिस्टेड काम सुरू होतं, म्हणजे हात स्वतः उचलायचा पण मदतीने. उताणं झोपून दोन्ही हातांत काठी धरायची आणि चांगल्या हाताने जोर द्यायचा. कप्पीचा दोर आम्ही सातव्या आठवड्यात आणला, आधी नाही, कारण बसून कप्पी ओढताना दुखरा हात नकळत स्वतःच वर चढतो. क्रम ठरलेला असतो: आधी आडवं, मग पाठीला ४५ अंशांचा उतार, मग बसून. हाताचं वजन तेच, पण आडवं असताना काटकोनाच्या पुढे गुरुत्वाकर्षण मदत करतं, उभं असताना पूर्ण विरोध करतं. कोपर वाकवलेलं असेल तर भार आणखी कमी होतो. त्यामुळे पेशंटला बसवून ‘आता हात वर करा’ म्हणणं ही या टप्प्यावरची सर्वांत मोठी उडी असते.

आठव्या आठवड्याला बाई आधाराशिवाय बसून हात उचलायला लागल्या. ९० अंशांपर्यंत गेल्या, पण आरशात पाहिलं तर ६० नंतर खांदा कानाकडे चढत होता. कफ बॉलला खोबणीत दाबून धरू शकत नाही तेव्हा मानेकडचा स्नायू, वरचा ट्रॅपेझियस, संपूर्ण पातंच उचलून कमतरता भरून काढतो. पेशंटला उंची मिळाल्याचं समाधान वाटतं, पण तीच चाल अंगवळणी पडली की नंतर मोडायला महिने लागतात. नियम साधा ठेवला: आरशासमोर खांदा न चढता जिथपर्यंत हात जाईल ती आजची मर्यादा. मग ती ६५ असली तरी ६५. उरलेलं काठीने करायचं. भिंतीवर कापड ठेवून हात वर सरकवण्याचा व्यायाम इथे उपयोगी पडला, कारण भिंत थोडा भार घेते आणि चूक समोर दिसते. नवव्या आठवड्याला त्यांचा हात खांदा न चढता ११५ पर्यंत जात होता.

आणि तेव्हाच त्यांनी कपाटाच्या वरच्या फळीवरून भरलेली बॅग ओढली. यात आश्चर्य काही नाही. दुखणं जवळपास संपलेलं, स्लिंग गेलेली, हात वर जातो आहे. मग हात वापरला जाणारच. दुखण्याचं कॅलेंडर आणि टेंडनचं कॅलेंडर वेगळं असतं, आणि सहा ते बारा आठवडे या टप्प्यात या दोघांतलं अंतर सर्वांत जास्त असतं. माकडांच्या खांद्यांवर झालेल्या अभ्यासात टेंडनला हाडात घट्ट रुजवणारे शार्पीचे तंतू पुरेशा संख्येने दिसायला बारा आठवडे लागले होते. म्हणजे नवव्या आठवड्यात ती बॅग मुख्यतः धाग्यांवर पेलली गेली.

दुसऱ्या दिवशी त्या आल्या तेव्हा हात कसाबसा ८० पर्यंत उचलत होत्या आणि दुखत होतं. अशा वेळी आम्ही तीन गोष्टी पाहतो. पहिली, हात आम्ही उचलला तर कुठवर जातो. तो आधीइतकाच, १४० पर्यंत गेला, म्हणजे सांधा आखडलेला नाही. आम्ही नेलेली आणि पेशंटने स्वतः केलेली, या दोन्ही हालचाली सारख्याच अडत असतील तर कॅप्सूलचा प्रश्न असतो. आम्ही नेल्यावर हात जातो आणि स्वतःहून जात नाही, तर दुखणं, कमजोरी किंवा पुन्हा फाटणं यांपैकी काहीतरी. दुसरी, कोपर काटकोनात वाकवून हात बाहेर वळवून ठेवला आणि ‘इथेच धरून ठेवा’ म्हणून अलगद सोडला. हात आत घसरला तर मामला गंभीर. त्यांचा हात थरथरला पण जागेवर राहिला. तिसरी, त्या क्षणी ‘कट्’ असा आवाज किंवा काहीतरी सुटल्यासारखं वाटलं होतं का, हा प्रश्न. नव्हतं. तरीही आम्ही सर्जनला कळवून सोनोग्राफी करून घेतली, कारण पुन्हा फाटणं बहुतेक वेळा पहिल्या काही महिन्यांतच होतं आणि सुरुवातीला ते नुसत्या दुखण्यासारखं दिसू शकतं. टेंडन हाडाला धरून होता, त्याच्या वरच्या बर्सात, म्हणजे घर्षण टाळणाऱ्या पातळ पिशवीत, थोडं पाणी होतं. आम्ही दहा दिवस आडवं झोपून काठीच्या व्यायामावर परत गेलो. कमजोरी वाढत गेली असती, आधी मिळालेली उंची आठवड्यागणिक कमी होत गेली असती, तर एमआरआयशिवाय पुढचं पाऊल टाकलं नसतं. ताप, जखमेतून स्राव किंवा पोटरीला सूज असेल तर तो विषय फिजिओथेरपीचा राहतच नाही. त्याच दिवशी सर्जनकडे.

ताकदीचं काम यामुळे बाराऐवजी तेराव्या आठवड्यात सुरू झालं. तेव्हा हात स्वतःहून खांदा न चढता १३५ पर्यंत जात होता. आधी फक्त विरोधाला हलका दाब, हात न हलवता, पूर्ण जोराच्या पावपट, पाच सेकंद धरून. आठवडाभर त्यावर दुखलं नाही तेव्हा सर्वांत हलका रबरी बँड. बगलेत गुंडाळलेला टॉवेल, कोपर काटकोनात, हात बाहेर वळवायचा, दहाचे दोन संच, एक दिवसाआड. टॉवेल पडला तर कोपर अंगापासून सुटलं, म्हणजे काम खांद्यावरचा मोठा स्नायू डेल्टॉइड करतो आहे. त्यासोबत बँड मागे ओढणं, आणि उताणं झोपून हात छताकडे आणखी पुढे ढकलणं, म्हणजे पातं धरून ठेवणारे स्नायू जागे होतात. व्यायाम करताना दुखणं दहापैकी तीनपर्यंत चालेल, पण रात्री ते वाढलं किंवा दुसऱ्या सकाळपर्यंत उरलं तर बँडची लांबी वाढवायची किंवा फेऱ्या कमी करायच्या. बँडचा रंग बदलण्याची घाई सगळ्यांना असते. आम्ही आधी पंधराचे तीन संच सहज होऊ देतो.

हात वर उचलताना वजन धरणं सोळाव्या आठवड्यापर्यंत थांबवलं आणि अर्ध्या किलोने सुरू केलं, अंगठा नेहमी वरच्या बाजूला. अंगठा खाली करून उचलायचा जुना व्यायाम आम्ही कुणालाच देत नाही. त्या स्थितीत टेंडन घासला जाण्याची शक्यता जास्त आणि मिळतं काहीच नाही.

वेगळ्या केसमध्ये काय बदलतं ते थोडक्यात सांगतो. फाट मोठी असेल किंवा टेंडन खेचून बसवला असेल तर प्रत्येक टप्पा दोन ते चार आठवडे पुढे जातो. बायसेप्स नव्या जागी बांधला असेल तर कोपर वाकवून वजन उचलणं सहा-आठ आठवडे बंद. सबस्कॅप्युलॅरिस शिवला असेल तर हात बाहेर वळवण्याची मर्यादा सर्जन अंशांत लिहून देतो आणि ती ओलांडायची नसते, पेशंटला कितीही सैल वाटलं तरी.

फळ्यावर लिहिण्याचं काम आम्ही वीस आठवड्यांनंतर परत बांधायला घेतलं. आधी फळ्याच्या खालच्या अर्ध्यात, छातीच्या उंचीवर, एका वेळी दोन-तीन ओळी. मग चेहऱ्याच्या उंचीवर, पण पाय फळ्याच्या जवळ, म्हणजे हात लांबवावा लागत नाही. वरच्या ओळींसाठी पायाखाली छोटा चौरंग. सहा महिन्यांना हात १५५ पर्यंत जात होता, बाहेर वळवण्याची ताकद हाताने धरायच्या मापकावर डाव्या बाजूच्या सुमारे तीन-चतुर्थांश होती आणि सोनोग्राफीत टेंडन जागेवर होता. पाठीमागे हात नेणं अजून डाव्यापेक्षा चार बोटं कमी पडत होतं. त्यासाठी टॉवेलचा ताण रोज दोनदा, प्रत्येकी ३० सेकंद, आणि बँड आठवड्यातून तीन दिवस पुढचे सहा महिने चालू ठेवायला सांगितलं.